महिलांच्या बॅचमध्ये ‘सुरक्षिततेची पूर्ण व्यवस्था’ म्हणजे नेमके काय, आणि पाण्याची भीती जाते कशी?

दुधनाकाठ

नमस्कार. मी परभणीत राहते. आमच्या भागातील जलतरण तलावाने उन्हाळी वर्गांची जाहिरात लावली आहे. तिच्यात मुले आणि महिलांसाठी स्वतंत्र वेळ, महिला प्रशिक्षक, पाण्याची भीती घालवून 21 दिवसांत पोहणे आणि ‘सुरक्षिततेची पूर्ण व्यवस्था’ असे लिहिलेले आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मी सदतीस वर्षांची. आम्ही दोघींनीही नाव घालावे असे मनात आहे, परंतु पैसे भरण्याआधी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.

पहिली गोष्ट भीतीची. मी आठ वर्षांची असताना आजोळच्या विहिरीच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरून पाण्यात पडले होते. मामाने वेणीला धरून वर ओढले, त्यामुळे वाचले. त्या वेळी नाकातून डोक्यापर्यंत जी आग झाली, ती अजून आठवते. आजही डोक्यावरून पाणी घेताना मी डोळे मिटून श्वास कोंडून धरते. मुलगी कधीच पाण्यात पडलेली नाही, तरीही केस धुताना ती माझे मनगट घट्ट पकडते, आणि हे ती माझ्याकडेच पाहून शिकली असावी असे मला वाटते. अशी भीती शिकवून जाते का, आणि जात असेल तर कोणत्या क्रमाने?

दुसरी गोष्ट व्यवस्थेची. ‘पूर्ण व्यवस्था’ या शब्दांत नक्की काय काय आले पाहिजे? तलावावर जाऊन मी काय विचारावे आणि काय पाहावे?

बालाघाट

ताई, आमच्या गावात पोहण्याचा वर्ग कधी नव्हता. चैत्र-वैशाखात विहिरीवर जायचे, कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, दोराचे टोक थोरल्या भावाच्या हातात द्यायचे आणि भाऊ काठावरून ढकलून देत असे. चौथ्या दिवशी डबा सुटला आणि मी पोहू लागलो. गावातली सगळी पोरे अशीच शिकली.

भीतीला विचार करायला वेळ दिला की ती वाढते, असे माझे मत आहे. मुलीला कमरेएवढ्या पाण्यात उभे करून महिना घालवण्यापेक्षा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली तिला खोल पाण्यात घाला. माणसाचे शरीर आपोआप वर येते.

कापूसबोंड

आमच्या मुलीलाही घालायचे आहे, पण क्लोरीनच्या पाण्याने केस राठ होतात आणि रंग काळवंडतो असे ऐकले आहे. उन्हाळ्यात दुपारची बॅच घ्यावी की सकाळची?

गोदातीर

मी नांदेडला गेली चौदा वर्षे महिलांच्या आणि मुलांच्या बॅच घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बालाघाट काका, तुमचे एक म्हणणे अगदी खरे आहे. छातीत हवा भरलेली असेल आणि माणूस सैल पडला, तर शरीर वर येते. बायकांचे तर अधिकच सहज येते. परंतु घाबरलेल्या माणसाचे नेमके उलट होते. तो ओरडतो म्हणजे छातीतली हवा सोडतो आणि दोन्ही हात पाण्याबाहेर काढतो. बाहेर काढलेल्या हातांना पाण्याचा आधार उरत नाही, त्यांचे सगळे वजन शरीरावर येते आणि डोके खाली जाते. तुमच्या विहिरीवर पाठीला डबा होता आणि दोर भावाच्या हातात होता. तुम्हाला वाचवणारी व्यवस्था तीच होती, ढकलणे नव्हे. जे ढकलल्याने शिकले ते आज सांगतात, आणि जे कायमचे घाबरले ते पाण्याजवळ फिरकत नाहीत. माझ्याकडे चाळिशीत येणाऱ्या कितीतरी बायकांना लहानपणी कोणीतरी गमतीने ढकललेले असते.

दुधनाकाठ ताई, आता तुमच्याबद्दल. ‘मला पाण्याची भीती वाटते’ असे म्हणणाऱ्या बाईला मी पहिल्या दिवशी विचारते की नेमके काय होईल असे वाटते. उत्तरे बहुतेक दोनच असतात. एक, नाकातोंडात पाणी जाईल. दुसरे, पाय सुटले तर पुन्हा उभे राहता येणार नाही. तुमच्या लिहिण्यात पहिले उत्तर स्पष्ट दिसते आहे. ही दोन्ही भये धीर देऊन जात नाहीत. ती दोन कौशल्ये हाताशी आली की ओसरतात, आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

नाकाचे काम घरीच सुरू करा. घमेल्यात किंवा रुंद पातेल्यात कोमट पाणी घ्या. तोंड मिटून ‘म्म्म्’ असा आवाज काढत हनुवटी, मग ओठ, मग नाक पाण्यात बुडवा. आवाज चालू आहे तोवर हवा नाकातून बाहेर पडत असते आणि बाहेर पडणाऱ्या हवेसमोर पाणी आत शिरत नाही. आवाज संपण्याच्या आधीच चेहरा वर काढायचा. बहुतेकांची चूक इथे होते: श्वास कोंडून चेहरा बुडवतात आणि मग घाबरून पाण्यातच नाकाने श्वास ओढतात. श्वास कोंडलेला माणूस आतून ताठ होतो, गुणगुणणारा माणूस ताठ होऊ शकत नाही. मुलीसोबत हे खेळासारखे करा. तीन-चार दिवसांत ती तुमच्या पुढे जाईल.

तलावात आल्यावर पहिले दोन दिवस आम्ही छातीएवढ्या पाण्यात, काठाला धरून, फक्त चालायला लावतो. त्यानंतर हीच गुणगुण पाण्यात करायची आणि पाण्याखाली डोळे उघडून मी किती बोटे दाखवते ते मोजायचे. बोटे बरोबर मोजली म्हणजे मन पाण्याखाली जागेवर आहे, हे मला कळते.

आणि मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे घाईच्या वर्गांत दुर्लक्ष होते: तरंगण्याच्या आधी उभे राहायला शिकवायचे. पालथे तरंगत असताना उभे राहायचे असेल, तर आधी दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, मग पसरलेले हात पाणी खाली दाबत मांड्यांपर्यंत आणायचे, पायांचे तळवे फरशीला टेकवायचे आणि सर्वांत शेवटी डोके वर काढायचे. घाबरलेला माणूस डोके आधी उचलतो. डोके उचलले की पाय मागेच राहतात, कंबर खचते, पायांखाली जमीन लागत नाही, आणि चार फूट पाण्यातसुद्धा उंच बाई गटांगळी खाते. ही हालचाल मी काठाला धरून वीस-पंचवीस वेळा करून घेते, त्यानंतर माझे हात धरून, आणि मगच हात सोडते. ती जमल्याशिवाय ज्या वर्गात तरंगणारा बोर्ड हातात देऊन पाय मारायला लावतात, तिथे भीती तशीच राहते, फक्त बोर्डाच्या मागे लपते.

21 दिवसांचे म्हणाल, तर न घाबरणारे मूल तेवढ्या दिवसांत तलावाची रुंदी पार करते. विहिरीत पडलेल्या बाईला पहिले दहा दिवस केवळ या दोन गोष्टींनाच लागू शकतात. तसे लागू देणारी प्रशिक्षक आहे का, हे अवश्य विचारा.

कापूसबोंड, केस आधी साध्या पाण्याने भिजवून टोपी घाला आणि बाहेर आल्यावर लगेच धुवा. ऊन टाळायचे असेल तर सकाळची बॅच बरी.

मांजराकाठ

मी लातूर जिल्ह्यात काही वर्षे जीवरक्षक म्हणून काम केले आहे. गोदातीर ताईंनी भीतीचे सांगितले, मी व्यवस्थेचे सांगतो. यात एक अडचण अशी आहे, जी जाहिरातीत कधीच दिसत नाही.

महिलांच्या वेळेत पुरुष नकोत, ही मागणी रास्त आहे. ती मान्य करताना बऱ्याच ठिकाणी पुरुष जीवरक्षकाला बाहेर काढतात आणि त्याच्या जागी कोणालाच ठेवत नाहीत. ‘बाई आहेत ना पाण्यात’ असे सांगितले जाते. पण शिकवणारी बाई ही राखणदार नसते. ती एका शिकणारीचे डोके हातावर धरून उभी असते, तिचे डोळे त्या चेहऱ्यावर असतात आणि पाठ उरलेल्या पंधराजणींकडे असते.

मी जिथे होतो तिथे असेच होते. महिलांच्या तासाला मला पंपाच्या खोलीत बसायला सांगत. एका दुपारी साधारण दहा वर्षांची एक मुलगी दोरीच्या खालून खोल बाजूला गेली. पाण्यात वीसेक जणी होत्या आणि कोणालाही काही ऐकू आले नाही. काठावर केस पुसत बसलेल्या एका आजीचे लक्ष गेले आणि त्यांच्या ओरडण्याने मी धावलो. मुलगी वाचली, एक रात्र दवाखान्यात काढून घरी गेली. पण त्या आजी पाच मिनिटे आधी घरी गेल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार मला अजून सोडत नाही.

ऐकू का आले नाही, हे प्रत्येक आईने समजून घ्यावे. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असते, तेवढ्या वेळात श्वासच कसाबसा मिळतो, हाक कुठून निघणार? मान मागे पडलेली, शरीर उभे, पाय जवळजवळ स्थिर आणि हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असलेले. लांबून पाहणाऱ्याला मूल उभ्याने खेळते आहे असेच वाटते. हे वीस सेकंदांपासून फार तर मिनिटभर चालते आणि मग ते खाली जाते. म्हणूनच आम्हाला शिकवले होते की दहा सेकंदांत नजर सगळ्या पाण्यावरून, तळासकट, फिरली पाहिजे आणि त्यानंतरच्या वीस सेकंदांत तुम्ही त्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. हे शिकवता शिकवता होणारे काम नाही.

तेव्हा ताई, तलावावर एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: ‘महिलांच्या तासाला शिकवण्याचे काम नसलेली, फक्त पाण्याकडे पाहणारी व्यक्ती कोण असते, आणि ती कुठे बसते?’

तेरणा

मांजराकाठ यांचे म्हणणे पटते, तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी धाराशिव जिल्ह्यातील आहे. आमच्याकडे महिलांची बॅच तीन वर्षे चालली, याचे एकमेव कारण म्हणजे फाटकाच्या आत एकही पुरुष नसे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी स्वतः येऊन ते पाहिले आणि मगच मला परवानगी मिळाली. उद्या काठावर खुर्ची टाकून एक पुरुष बसवला, तो कितीही सज्जन असला, तरी आमच्यातल्या निम्म्या जणी घरी बसतील. मग त्या पोहायला शिकणारच नाहीत आणि गावाकडच्या विहिरीवर, नदीवर, कॅनॉलवर धुणे धुताना त्यांचा धोका तसाच राहील. सुरक्षिततेच्या नावाखाली बॅचच बंद पडली तर कोणाचे भले झाले?

मांजराकाठ

तेरणा ताई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. बॅच बंद पडावी असे माझे म्हणणे नाही. पण खुर्ची रिकामी ठेवून चालवलेली बॅच मी सुरक्षित म्हणू शकत नाही. माझ्या बहिणीला मी तिथे पाठवणार नाही.

गोदातीर

हा वाद आमच्याकडेही झाला होता. आम्ही काय केले ते सांगते, सगळीकडे जमेलच असे नाही.

आमच्याकडे शिकून तयार झालेल्या बायकांपैकी चौघींना आम्ही राखणीसाठी तयार केले. दोघी शिक्षिका, एक शिवणकाम करणारी आणि एक महाविद्यालयीन मुलगी. त्यांना सुंदर पोहता येण्याची गरज नव्हती. नजर फिरवणे, शिट्टी, लांब बांबू पुढे करणे, दोर बांधलेली रिंग नेमकी फेकणे, पाण्याखालून माणूस वर आणणे आणि श्वास देणे, एवढे दोन महिने रोज करून घेतले. एका वेळी एकजण उंच खुर्चीवर असते आणि अर्ध्या तासाने दुसरी बसते, कारण त्यानंतर नजर पाहते पण टिपत नाही. खुर्चीवर असताना मोबाइल नाही, गप्पा नाहीत आणि ‘जरा हिचे पाय बघ ना’ हेही नाही. त्याचा मोबदला फीमधून दिला जातो.

शिवाय मुलांच्या आम्ही जोड्या लावतो. दर दहा मिनिटांनी लांब शिट्टी होते आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. हात वर न झालेली जोडी लगेच दिसते.

हे होईपर्यंतच्या काळात मी काय करावे, याचे समाधानकारक उत्तर मला तेव्हाही मिळाले नव्हते. पहिले वर्षभर मी एका वेळी पाचच जणींना पाण्यात घेतले आणि बाकीच्यांना काठावर बसवले. पुष्कळ जणी नाराज होऊन सोडून गेल्या.

मोसंबीबाग

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या सात वर्षांच्या मुलाला फिट येते. औषध चालू असून गेल्या आठ महिन्यांत एकदाही आलेली नाही. तलावाच्या अर्जात आजारांचा रकाना आहे. खरे लिहिले तर प्रवेश नाकारतील अशी भीती वाटते. लिहावे की नाही?

पळसफूल

मोसंबीबाग ताई, अवश्य लिहा. मी हिंगोली जिल्ह्यात परिचारिका आहे. पाण्यात फिट आली तर आवाज होत नाही, झटके पाण्यामुळे दिसत नाहीत आणि मूल सरळ खाली जाते. आधी डॉक्टरांचा होकार घ्या. त्यानंतर पोहता येणारा एक मोठा माणूस फक्त त्याच्यासाठी, हाताच्या अंतरावर, पाण्यात हवा आणि पाणी उथळ हवे. त्याला भडक रंगाची टोपी घाला आणि राखण करणाऱ्याला रोज पहिल्यांदा तो दाखवा. एवढे करायला जो तलाव तयार नसेल, त्याने प्रवेश नाकारलेलाच बरा.

एक गोष्ट सर्वांसाठी लिहिते, कारण दरवर्षी पाहते. पाण्यातून काढलेल्या माणसाला पोटावर दाबू नका, पालथा टाकून फिरवू नका, उलटा धरू नका. पोटातले पाणी काढण्यात जो वेळ जातो, तो त्याच्याकडे नसतो, आणि ते पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच. श्वास थांबलेला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, त्यानंतर छातीचे 30 दाब आणि 2 श्वास, असे 108 ची गाडी येईपर्यंत चालू ठेवायचे. तलावावरच्या किती जणांना हे हाताने करता येते, ते विचारा. फलकावर लिहिलेले असणे पुरेसे नाही.

बालाघाट

पळसफूल ताई, पालथे टाकून पोट दाबणे आम्ही आयुष्यभर योग्यच समजत होतो. गावातल्या पोरांना आता सांगेन.

गोदातीर ताईंचे दोराबद्दलचे म्हणणे दोन दिवस मनात होते. दोर भावाच्या हातात होता हे खरे, आणि दोर नसताना कोणी उडी मारली तर भाऊ मारत असे, हेही आता आठवते. तरीही मला वाटते की उथळ तलावात शिकलेल्या मुलांना विहिरीच्या काळ्या पाण्याची सवय नसते. तळ दिसत नाही, पाणी गार, काठाला धरायला काही नाही. तलावात पोहणारे पोर विहिरीत टिकेल का, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

गोदातीर

काका, टिकेलच असे मी कोणत्याही आईला सांगत नाही. निळ्या तलावात शिकलेल्या मुलाने विहीर, बंधारा किंवा गोदावरी आपली समजू नये, असेच मी शिकवते. शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलांना रोजच्या कपड्यांत पाण्यात उतरवतो आणि उताणे पडून तरंगायला लावतो, म्हणजे ओल्या कपड्यांचे ओझे कळते. त्यापलीकडचे माझ्या तलावात शिकवता येत नाही.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल महिलांच्या तासाला तलावावर जाऊन एक तास बसले. पाहिलेले लिहिते.

पाणी स्वच्छ होते. मी खोल बाजूला रुपयाचे नाणे टाकले आणि ते तळाशी काठावरून स्पष्ट दिसत होते. तळाच्या जाळीचे झाकणही शाबूत दिसले. परंतु पाणी काठापासून वीतभर खाली होते. विचारल्यावर व्यवस्थापकांनी सांगितले की टंचाईमुळे वरून भर घालता येत नाही. एक ठेंगणी बाई काठाला धरायला हात वर करत होती आणि तिची बोटे निसटत होती. भिंतीवर 3.5 फूट रंगवलेले आहे, ते आता खरे नाही, कमी आहे. मुलीच्या दृष्टीने हे बरेच झाले, कारण भरलेल्या तलावात 3.5 फूट पाणी तिच्या खांद्यापर्यंत आले असते.

दोरी मात्र जिथे उतार सुरू होतो तिथे नसून उताराच्या मधोमध बांधली आहे. म्हणजे दोरीच्या अलीकडे उभी असलेली मुलगी एक पाऊल मागे सरली तरी तिच्या पायाखाली घसरण आहे. हे मी पाण्यात एका बाईच्या चालण्यावरून ओळखले: दोरीजवळ जाताच तिचे खांदे एकदम बुडाले.

प्रशिक्षक बाई खरोखर चांगल्या आहेत. एका मुलीला त्या सांगत होत्या, ‘डोकं शेवटी, आधी गुडघे’, ते ऐकून मला गोदातीर ताई आठवल्या. पण पाण्यात चौदा जणी आणि काठावर कोणी नाही. उंच खुर्ची आहे, तिच्यावर टॉवेल वाळत होते. बांबू आणि रिंग कुलूपबंद खोलीत.

मांजराकाठ दादांचा प्रश्न मी शब्दशः विचारला. व्यवस्थापक आधी चिडले. मग प्रशिक्षक बाईंनीच सांगितले की हे त्या स्वतः दोन वर्षांपासून मागत आहेत. आम्ही सात जणींनी मिळून लेखी दिले आहे: दोरी उताराच्या आधी चार फूट, बांबू आणि रिंग खुर्चीजवळ, आणि खुर्चीवर एक बाई. तोपर्यंत पैसे भरलेले नाहीत. घमेल्यातली गुणगुण मात्र घरी सुरू आहे. मुलगी काल भुवयांपर्यंत गेली, मी ओठांपर्यंत.

मांजराकाठ

फार चांगले पाहिलेत. दुपारची बॅच असेल तर खुर्ची कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. राखणदाराच्या तोंडावर ऊन असेल तर पाणी आरशासारखे चमकते आणि तळ दिसतच नाही. ऊन पाठीमागे असावे.

तेरणा

खुर्चीवर बाई बसवणार असतील तर माझा आक्षेपच उरत नाही. आमच्याकडे बॅच पुन्हा सुरू व्हावी म्हणून हा धागा मी मैत्रिणींना दाखवला आहे. पण अशी बाई तयार होईपर्यंत दोन महिने लागणार असतील, तर तो उन्हाळा गेलाच.

दुधनाकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. अर्ज दिल्यानंतर आठ दिवसांनी दोरी सरकवली, बांबू आणि रिंग बाहेर आले, आणि शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या, उत्तम पोहणाऱ्या एक बाई महिलांच्या तासाला खुर्चीवर बसू लागल्या. त्यानंतर आम्ही दोघींनी नाव घातले.

मुलगी सहाव्या दिवशी काठावरून सुटून प्रशिक्षक बाईंपर्यंत सरकत गेली. माझा मात्र नवव्या दिवसापर्यंत काठ सुटला नाही. गुणगुण जमत होती, बोटेही मोजता येत होती, पण हात सोडायची वेळ आली की पायाची बोटे फरशीवर आवळली जात. बाईंनी घाई केली नाही. गुडघे पोटाशी, हात खाली, तळवे, मग डोके, हे मी काठाला धरून इतक्या वेळा केले की रात्री अंथरुणातही गुडघे पोटाशी येऊ लागले.

अकराव्या दिवशी त्यांच्या हातांना धरून पालथी पडले होते आणि त्यांनी हात कधी काढून घेतले ते मला कळले नाही. कळले तेव्हा नाकात थोडे पाणी गेले, तीच जुनी आग झाली, आणि डोके उचलण्याची तीव्र ऊर्मी आली. पण गुडघे आपसूक पोटाशी आले होते. तळव्यांना फरशी लागली आणि मी उभी राहिले. समोर मुलगी जोडीदाराचा हात धरून शिट्टीची वाट पाहत होती, तिने मला पाहिले की नाही ते ठाऊक नाही.

उताणे तरंगणे अजून जमत नाही. कान बुडाले की मी उठून बसते, यावर गोदातीर ताईंनी काही सुचवावे. आणि खुर्चीवरच्या बाई सोमवार ते शनिवारच येतात. रविवारी तास असतो, पण खुर्ची रिकामी असते, म्हणून रविवारी आम्ही जात नाही. त्याबद्दल दुसरा अर्ज दिला आहे, अद्याप उत्तर आलेले नाही.

गोदातीर

कानांसाठी घरीच जमिनीवर उताणे झोपा, मुलीला डोक्याखाली दोन्ही तळवे धरायला सांगा आणि मानेचे सगळे वजन तिच्या हातात सोडा. मान जड लागली असे ती म्हणाली की समजा जमले. पाण्यात बाईंना हेच करायला सांगा: हात फक्त डोक्याखाली, पाठीखाली नको. पाय खाली जाऊ लागले तर जाऊ द्या, छाती भरलेली आहे तोवर चेहरा वर राहतो. रविवारच्या अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.